टेल करंट, तीस पिकोफॅरड आणि आउटपुटचा वेग

७४१ च्या डेटाशीटमध्ये दोन आकडे असे आहेत की एक वाचून दुसऱ्यावर विश्वास बसत नाही. पहिला, सुमारे १ मेगाहर्ट्‌झची युनिटी-गेन बँडविड्थ. दुसरा, ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाचा स्लू रेट. पहिल्या आकड्यावरून कोणालाही वाटेल की बफर म्हणून जोडलेला हा ऑप-अँप शंभर किलोहर्ट्‌झची साइन वेव्ह आरामात पुढे देईल. देतोही, पण ती वेव्ह शंभर-दोनशे मिलिव्होल्टची असेल तरच. तिचं पीक १० व्होल्ट केलं की ८ किलोहर्ट्‌झच्या पुढेच वेव्हच्या दोन्ही बाजू सरळ होऊ लागतात, आणि वीस किलोहर्ट्‌झला सीआरओच्या पडद्यावर चक्क त्रिकोण उभा राहतो. त्याची उंचीही घटलेली असते. वीस व्होल्ट पीक-टू-पीक मागितले होते, मिळतात साडेबारा.

पॉलिटेक्निक असो की इंजिनिअरिंग कॉलेज, हे प्रॅक्टिकल सगळ्यांनी केलेलं असतं. जर्नलमध्ये तिरक्या रेषेचा उतार मोजून लिहिलेला असतो आणि व्हायवाला कोणी विचारलंच तर उत्तरही तयार असतं: टेल करंट भागिले कॉम्पेन्सेशन कपॅसिटर. उत्तर बरोबर आहे. पण या सूत्रात दोन स्वतंत्र नॉब आहेत, एक फिरवून करंट वाढवावा किंवा दुसरा फिरवून कपॅसिटर कमी करावा आणि हवा तेवढा वेग मिळवावा, अशी जी समजूत त्यातून होते ती बरोबर नाही. ही पुस्तिका त्या समजुतीबद्दल आहे. सूत्र सिद्ध करायला अर्धं पान पुरतं. त्या सूत्रातल्या दोन राशी एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत, हे समजायला मात्र थोडा वेळ द्यावा लागतो.

आधी ते अर्धं पान. दोन-स्टेज ऑप-अँपच्या पहिल्या स्टेजमध्ये ट्रान्झिस्टरची एक डिफरन्शियल जोडी असते, आणि त्या दोघांना मिळून एकच ठरलेला करंट मिळतो. तोच टेल करंट. दोन्ही इनपुट सारखे असले की तो निम्मा-निम्मा वाटला जातो. एक इनपुट थोडा वर गेला की वाटणी थोडी बदलते. एक इनपुट बराच वर गेला की एक ट्रान्झिस्टर सगळा करंट घेतो आणि दुसरा बंद पडतो. यापुढे इनपुटमधला फरक आणखी वाढवून काही होत नाही. घरात येणारा पगारच ठरलेला असेल, तर थोरल्याने कितीही हट्ट केला तरी त्याला सगळ्या पगाराहून जास्त काय मिळणार?

या जोडीच्या माथ्यावर करंट मिरर असतो. तो दोन्ही बाजूंच्या करंटमधला फरक दुसऱ्या स्टेजच्या दारात आणून सोडतो. त्यामुळे पहिल्या स्टेजमधून बाहेर पडणारा किंवा आत ओढला जाणारा करंट जास्तीत जास्त टेल करंटएवढाच असू शकतो. दुसरी स्टेज उलटा गेन देणारी आहे, आणि तिच्या इनपुट-आउटपुटच्या मध्ये कॉम्पेन्सेशन कपॅसिटर बसवलेला आहे. तिचा गेन मोठा असल्यामुळे आउटपुट कित्येक व्होल्ट हलला तरी तिचा इनपुट जागचा फारसा हलत नाही. म्हणजे कपॅसिटरचं एक टोक जवळजवळ स्थिर, दुसरं टोक थेट आउटपुटला, आणि त्यातून वाहणारा करंट पहिल्या स्टेजने दिलेला. कपॅसिटरवरचा व्होल्टेज ज्या वेगाने बदलतो, त्याच वेगाने आउटपुट बदलतो:

```
SR = I_tail / Cc
```

डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डमध्ये १९६८ साली ७४१ आणला, तेव्हा ३० पिकोफॅरडचा हा कपॅसिटर चिपच्या आतच बसवला. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या बॉब विडलर यांच्या एलएम१०१ ला तो बाहेरून जोडावा लागे. ७४१ च्या चिपचा फोटो पाहिला तर हा एकटा कपॅसिटर कितीतरी ट्रान्झिस्टरांची जागा अडवून बसलेला दिसतो. त्याच्या इनपुट स्टेजमधून दोन्ही बाजूंना मिळून सुमारे १९ मायक्रोअँपियर वाहतात. १९ मायक्रोअँपियर भागिले ३० पिकोफॅरड म्हणजे ०.६३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. डेटाशीट ०.५ म्हणते. करंट आणि कपॅसिटर दोन्ही चिपगणिक थोडेफार बदलतात, शिवाय एका भटक्या कपॅसिटन्सचाही यात हात असतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता नॉब फिरवून पाहू. समजा, आपण ७४१ चा टेल करंट दहापट केला. सूत्राप्रमाणे स्लू रेटही दहापट व्हायला हवा, आणि होतोही. पण बायपोलर ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स त्याच्या करंटच्या सम प्रमाणात असतो. करंट दहापट, म्हणजे पहिल्या स्टेजचा gm दहापट, म्हणजे युनिटी-गेन फ्रिक्वेन्सीही दहापट, कारण ती gm भागिले त्याच कपॅसिटरने ठरते. एक मेगाहर्ट्‌झचे दहा मेगाहर्ट्‌झ झाले. ७४१ मधले पीएनपी ट्रान्झिस्टर आडव्या बांधणीचे आणि मंद आहेत. तिथे एवढ्या फ्रिक्वेन्सीला फेज इतकी मागे पडलेली असते की बफर म्हणून जोडल्याबरोबर ऑप-अँप स्वतःच ऑसिलेट करू लागतो. त्याला पुन्हा शांत करायचं तर कपॅसिटर दहापट, ३०० पिकोफॅरड करावा लागेल. करंट दहापट आणि कपॅसिटरही दहापट. स्लू रेट होता तिथेच, बॅटरी लवकर रिकामी, आणि चिप मोठी झाली ते वेगळंच.

दुसरा नॉबही याच वाटेने जातो. कपॅसिटर कमी केला की युनिटी-गेन फ्रिक्वेन्सी वाढते आणि स्थिरता जाते. एक पळवाट आहे: सर्किटला एकच्या गेनची गरज नसेल, समजा दहाचा गेन हवा असेल, तर लूपमध्ये परत येणारा भाग दहापट कमी असतो आणि कपॅसिटरही दहापट लहान चालतो. ७४८ म्हणजे आतल्या कपॅसिटरशिवायचा ७४१. त्याला दहाच्या गेनसाठी बाहेरून ३ पिकोफॅरड लावले तर स्लू रेट ५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाच्या आसपास जातो. पण तोच चुकून बफर म्हणून जोडला की आउटपुटवर ऑसिलेशन सुरू.

तेव्हा या गाठीचं खरं रूप मांडायचं तर सूत्रातून कपॅसिटरच काढून टाकावा. कपॅसिटर म्हणजे gm भागिले युनिटी-गेनची कोनीय फ्रिक्वेन्सी, ही किंमत वरच्या सूत्रात घातली की उरतं ते असं:

```
SR = (I_tail / gm) * w_u
```

युनिटी-गेन फ्रिक्वेन्सी किती ठेवता येईल, हे दुसऱ्या स्टेजचा वेग आणि लोड ठरवतात. डिझाइनरच्या हाती खऱ्या अर्थाने उरतं ते एकच गुणोत्तर, टेल करंट भागिले gm. त्याचं एकक व्होल्ट आहे. जोडीचा करंट पूर्णपणे एका बाजूला ढकलायला इनपुटवर साधारण किती व्होल्टचा फरक लागतो, याचंच ते माप आहे. साध्या बायपोलर जोडीसाठी ही किंमत थर्मल व्होल्टेजच्या दुप्पट, म्हणजे ५२ मिलिव्होल्ट येते. करंट कितीही घ्या, ती बदलत नाही. एक मेगाहर्ट्‌झला ही जोडी ०.३३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाहून जास्त देऊच शकत नाही. ७४१ मध्ये प्रत्येक बाजूला एनपीएन आणि पीएनपी असे दोन ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ आहेत, म्हणून त्याच करंटला gm निम्मा होतो आणि गुणोत्तर १०४ मिलिव्होल्टवर जातं. ०.६३ हा आकडा येतो तो इथून.

जेम्स सॉलोमन यांनी १९७४ च्या डिसेंबरमध्ये आयईईईच्या सॉलिड-स्टेट सर्किट्‌स जर्नलमध्ये मोनोलिथिक ऑप-अँपवर जो प्रदीर्घ लेख लिहिला, त्यात हे नातं स्पष्ट मांडलेलं आहे. स्लू रेट वाढवायचा तर दिलेल्या करंटला gm कमी करा, हा त्याचा अर्थ. गेन वाढवण्यासाठी जन्मभर gm च्या मागे धावणाऱ्या माणसाला हे उलटं वाटणारच. बायपोलरमध्ये एमिटरला रेझिस्टर घालून gm पाडता येतो. जेएफईटीचा तर तो मुळातच कमी असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सचा टीएल०८१ घ्या. त्याच्या जुन्या डेटाशीटमध्ये बँडविड्थ ३ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे ७४१ च्या तिप्पट, पण स्लू रेट १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे सव्वीसपट. भागाकार केला तर गुणोत्तर सुमारे ०.७ व्होल्ट येतं. ब्रेडबोर्डवरून ७४१ उपसून त्याच जागी टीएल०८१ खोचला की मघाचा त्रिकोण क्षणात पुन्हा साइन होतो. पिना त्याच असल्यामुळे एक तारही हलवावी लागत नाही. हा प्रयोग जर्नलमध्ये का नसतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

पुस्तिकेचा मोठा भाग सीमॉस ऑप-अँपबद्दल आहे, कारण आज चिप डिझाइनच्या वर्गात विद्यार्थी स्वतः ऑप-अँप बांधतो तो सीमॉसमध्ये. तिथे टेल करंट भागिले gm हे गुणोत्तर म्हणजे जोडीच्या ट्रान्झिस्टरांचा ओव्हरड्राइव्ह व्होल्टेज, आणि तो डिझाइनर ट्रान्झिस्टरची रुंदी बदलून स्वतः ठरवतो. एक उदाहरण इथेच सोडवून पाहू. सप्लाय ३.३ व्होल्ट. इनपुटला एनमॉस जोडी M1 आणि M2, त्यांचा टेल M5, वर पीमॉस मिरर M3 आणि M4. दुसऱ्या स्टेजला पीमॉस M6 आणि त्याच्याखाली स्थिर करंट ओढणारा एनमॉस M7. लोड १० पिकोफॅरड. मागणी अशी की युनिटी-गेन फ्रिक्वेन्सी ५ मेगाहर्ट्‌झ आणि स्लू रेट १० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद.

साठ अंशांच्या फेज मार्जिनसाठी कॉम्पेन्सेशन कपॅसिटर लोडच्या ०.२२ पटीहून मोठा हवा, हा नेहमीचा ठोकताळा. त्याप्रमाणे २.५ पिकोफॅरड घेऊ. मग स्लू रेटसाठी M5 मध्ये २५ मायक्रोअँपियर हवेत. पाच मेगाहर्ट्‌झसाठी M1 चा gm ७८.५ मायक्रोसीमेन्स येतो. २५ भागिले ७८.५ म्हणजे ओव्हरड्राइव्ह ०.३२ व्होल्ट. दोन मागण्या केल्या आणि तिसरी गोष्ट आपोआप ठरून गेली. उद्या कोणी म्हणालं की बँडविड्थ तीच ठेवा, स्लू रेट तेवढा चौपट करा, तर ओव्हरड्राइव्ह १.२७ व्होल्ट होईल. ३.३ व्होल्टच्या सप्लायमध्ये एवढा ओव्हरड्राइव्ह घेतला की इनपुटला हलायला फारशी जागाच उरत नाही. शिवाय त्याच करंटला gm कमी म्हणजे नॉइज आणि ऑफसेट दोन्ही जास्त. स्लू रेटची खरी किंमत मोजावी लागते ती इथे.

इथपर्यंत कागदावर सगळं जुळलेलं असतं आणि मग सिम्युलेशन भलतंच काही सांगतं. असं होण्यामागे नेहमीची दोन कारणं असतात.

पहिलं कारण मोजणीत आहे. आउटपुट उलट्या इनपुटला जोडून बफर केला, इनपुटला १०० मिलिव्होल्टची पायरी दिली आणि उतार मोजला, तर मिळतो तो स्लू रेट नव्हेच. आपल्या जोडीचा करंट पूर्ण एका बाजूला जायला ओव्हरड्राइव्हच्या १.४१ पट, म्हणजे ०.४५ व्होल्टचा फरक लागतो. त्याहून लहान पायरीला ऑप-अँप एक्स्पोनेन्शियल वळणाने स्थिरावतो. ओळखायची खूण सोपी: पायरी दुप्पट करा. उतारही दुप्पट झाला तर ऑप-अँप अजून लिनिअर भागात आहे. उतार तोच राहिला आणि वेळ वाढला, तर तो स्लू करतो आहे. पायरी पुरेशी मोठी घेतली तरी दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत मोजायची सवय इथे फसवते. एक व्होल्टच्या पायरीत पहिले ५५० मिलिव्होल्टच पूर्ण वेगाने पार होतात. पुढे फरक ०.४५ व्होल्टच्या आत येतो आणि आउटपुट हळू होऊ लागतो. दहा ते नव्वद मोजलं तर १० ऐवजी ८ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाच्या आसपास उत्तर येतं आणि विद्यार्थी उगाच टेल करंट वाढवत बसतो. म्हणून सुरुवातीचा सरळ तुकडाच मोजावा:

```
Vin inp 0 PULSE(1.5 2.5 100n 1n 1n 500n 1u)
.tran 0.5n 1u
.meas tran ta WHEN v(out)=1.6 RISE=1
.meas tran tb WHEN v(out)=2.0 RISE=1
.meas tran sr PARAM='0.4/(tb-ta)'
```

पायरी १.५ व्होल्टपासून सुरू केली आहे ती एनमॉस जोडी आणि तिच्याखालचा M5 दोघेही सॅच्युरेशनमध्ये राहावेत म्हणून. ०.५ व्होल्टपासून सुरू केली असती, तर पायरीआधी M5 मधून २५ मायक्रोअँपियर निघालेच नसते आणि मोजणीची सुरुवातच चुकीच्या स्थितीतून झाली असती.

दुसरं कारण दुसऱ्या स्टेजमध्ये आहे, आणि या पुस्तिकेत मी सर्वांत जास्त पानं त्याला दिली आहेत. आउटपुट वर जाताना M6 हवा तेवढा करंट देऊ शकतो, त्यामुळे वेग पहिल्या स्टेजनेच ठरतो. आउटपुट खाली येताना मात्र ओढणारा M7 एकटा असतो आणि त्याचा करंट ठरलेला आहे. त्याला लोडही रिकामा करायचा असतो आणि कॉम्पेन्सेशन कपॅसिटरमधून येणारे २५ मायक्रोअँपियरही गिळायचे असतात. १० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाने १० पिकोफॅरड ओढायला १०० मायक्रोअँपियर, वर हे २५. म्हणजे M7 मध्ये निदान १२५ मायक्रोअँपियर हवेत. टेल करंटच्या पाचपट. एकूण खर्चाचा सिंहाचा वाटा इथेच जातो, हे सूत्र पाठ करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

वीज वाचवायला कोणी M7 मध्ये ६० मायक्रोअँपियरच ठेवले असं धरू. आउटपुट खाली येताना M6 पूर्ण बंद पडतो आणि ६० मायक्रोअँपियर दोन्ही कपॅसिटरांत मिळून वाटले जातात: साडेबारा पिकोफॅरडला ४.८ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. अशा वेळी टेल करंट दुप्पट करूनही उतारात फरक पडत नाही. हे पकडायचं तर आउटपुट सोडून M6 च्या गेटचा व्होल्टेज प्लॉट करावा. पहिली स्टेज वेग ठरवत असेल, तर स्लू चालू असतानाही गेट आपल्या जागेपासून थोडासाच हलतो. दुसरी स्टेज वेग ठरवत असेल, तर M4 मधून येणारा जादा करंट जायला वाट नसते, गेट वर वर चढून ३.३ व्होल्टला टेकतो आणि M4 सॅच्युरेशनमधून बाहेर पडतो. मग आउटपुट योग्य जागी पोचला तरी M6 ला जागं व्हायला गेट पुन्हा खाली यावा लागतो. तेवढ्या वेळात M7 आउटपुटला आणखी खाली ओढून नेतो. प्लॉटवर हा खड्डा दिसला की अनेक जण फेज मार्जिन तपासत बसतात. छोट्या पायरीला तो खड्डा नाहीसा होत असेल, तर फेज मार्जिन बिचारं निर्दोष असतं.

M7 ला १२५ मायक्रोअँपियर दिले, तरी चढता आणि उतरता उतार अगदी सारखे येत नाहीत, आणि आता मघाचा तो भटका कपॅसिटन्स. M1 आणि M2 जिथे M5 ला मिळतात त्या नोडवर थोडा पॅरासिटिक कपॅसिटन्स असतोच. बफर खाली येत असताना ज्या ट्रान्झिस्टरमधून सगळा करंट जात असतो त्याचा गेट आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून हा नोडही आउटपुटबरोबर त्याच वेगाने खाली सरकतो. त्याच्या कपॅसिटन्समधून निघणारा चार्ज M5 ची थोडी भूक परस्पर भागवतो, आणि ट्रान्झिस्टरच्या वाट्याला २५ पेक्षा कमी मायक्रोअँपियर येतात. हिशोब केला तर असं दिसतं की हा कपॅसिटन्स जणू कॉम्पेन्सेशन कपॅसिटरमध्येच मिळवला गेला आहे. तो पाव पिकोफॅरड असेल तर उतरता स्लू रेट १० ऐवजी ९.१ होतो. वर चढताना M2 चा गेट पायरीवर स्थिर असतो, नोडही स्थिर असतो, आणि उतार पूर्ण १० मिळतो. तोच ऑप-अँप इन्व्हर्टिंग पद्धतीने जोडला, की दोन्ही इनपुट जवळपास जागच्या जागी राहतात आणि हा फरक बराचसा जातो. कुठलीही डेटाशीट वाचताना स्लू रेट कोणत्या जोडणीत मोजला आहे ते पाहावं, असं म्हणतात ते यासाठी.

फोल्डेड कॅसकोड आणि क्लास-एबी इनपुटचे ऑप-अँप या पुस्तिकेत घेतलेले नाहीत. पहिल्यात वेग ठरवणारा कपॅसिटर म्हणजे लोडच असतो. दुसऱ्यात इनपुटचा फरक वाढला की जोडीला मिळणारा करंटही वाढतो, त्यामुळे टेल करंट हा ठरलेला आकडाच राहत नाही.